आजींचं वजन कुठे गेलं?

तब्येतपाणी



मागच्या अंकातल्या गुडघेदुखीच्या लेखावर बऱ्याच जणांचे फोन आले, त्याबद्दल आभार. त्यातले काही प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत, कारण या वेळी एक वेगळाच विषय समोर आला. आपल्यातली जी कुटुंबं तीस-तीस वर्षं इथे आहेत, त्यांचे आईवडील आता ऐंशीच्या घरात पोहोचले आहेत. काहींना नाइलाजाने नर्सिंग होममध्ये ठेवावं लागतं. त्याबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही, पण प्रश्न असतातच.

मे महिन्यात एका मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. तिचं ऑफिस रॅफल्स प्लेसला. म्हणाली, "काकू, जेवणाच्या सुट्टीत याल का? आईबद्दल बोलायचंय." स्टेशनच्या वरच्या हिरवळीशेजारी, त्या उंच इमारतींच्या सावलीत आम्ही बसलो. तिने डबा उघडलाच नाही. पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. नर्सिंग होमच्या वहीतून तिने आईची वजनं उतरवून आणली होती.

"आईचे ब्लाउज सगळे सैल झालेत. बांगड्या कोपरापर्यंत जातात. मी विचारलं तर तिथे म्हणाले, वय झालं, असं होतंच. खरंच होतं का हो असं?"

मी बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. वयाबरोबर वजन हळूहळू उतरतं हे खरं, पण ते वर्षाला थोडंसं. चार महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत जाणं हे वयाचं काम नाही. तिथे कारण शोधावं लागतं. त्या आजींच्या बाबतीत ते कसं शोधलं, ते घरच्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगते.

आधी कागदावरचे आकडे. जानेवारीत ५१.२ किलो, फेब्रुवारीत ५०.४, मार्चमध्ये ४८.८, एप्रिलमध्ये ४७.४, मे महिन्यात ४६.१. आता गंमत पाहा. दर महिन्याला किलो-दीड किलो कमी. प्रत्येक वेळी फक्त मागच्या महिन्याशी ताडून पाहिलं तर घट तीन टक्क्यांच्या आसपास दिसते आणि कोणी दचकत नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये एक ठोकताळा वापरतात, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: एका महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत साडेसात टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन न ठरवता उतरलं, तर चौकशी झालीच पाहिजे. आजींचं फेब्रुवारी ते मे हे तीन महिने धरले तर ४.३ किलो गेलं, म्हणजे साडेआठ टक्के. महिन्याची मर्यादा एकदाही ओलांडली नव्हती, तीन महिन्यांची मात्र ओलांडली होती. म्हणून वहीतला शेवटचा आकडा विचारू नका, मागच्या सहा महिन्यांची सगळी वजनं एका ओळीत मागा.

दुसरी गोष्ट, आकडा खरा आहे का. आजींचं मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांना चाकाच्या खुर्चीसकट काट्यावर घेतात आणि मग खुर्चीचं वजन वजा करतात. खुर्ची बदलली, उशी ठेवली, पायाच्या पट्ट्या काढल्या तर एक-दोन किलोचा फरक सहज पडतो. पायावरची सूज उतरवायची गोळी चालू असेल तर पहिले दोन किलो नुसतं पाणीच असू शकतं. म्हणून आम्ही विनंती केली की सकाळी, बाथरूमला जाऊन आल्यावर, तीच खुर्ची रिकामी तोलून पुन्हा वजन घ्या. ते ४५.९ भरलं. सूज नव्हती, तशी गोळीही नव्हती. म्हणजे घट खरीच होती.

पुढच्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. लोकांचा पहिला प्रश्न असतो, ताकदीचा डबा कोणता द्यायचा. माझा पहिला प्रश्न असतो, ताटात काय उरतं. परिचारिकांना तीन दिवस प्रत्येक जेवणाची नोंद ठेवायला सांगितलं. सगळं खाल्लं, पाऊण, अर्धं, पाव की काहीच नाही, आणि उरलं ते काय, एवढंच लिहायचं. उरलेल्या ताटावरून पुष्कळ कळतं. मऊ तेवढं संपतं आणि पोळी, भाजी, फळाच्या फोडी उरतात, तेव्हा तोंडात पाहायचं. सगळंच थोडं थोडं खाऊन ताट सरकवलं जातं, तेव्हा मन किंवा औषध. खाताना ठसका लागतो, आवाज ओला होतो, घास गालात राहतो, तेव्हा गिळण्याची तपासणी आधी, बाकीचं नंतर. आणि ताट संपतंय तरी वजन उतरतंय, तेव्हा थायरॉइड, मधुमेह, जुलाब किंवा एखादा लपलेला आजार.

आजींच्या नोंदीत सकाळची लापशी पाऊण संपत होती. दुपारी भात आणि टोफू खाल्लेला, भाजी तशीच. संध्याकाळचं ताट जवळपास भरलेलं परत. एका दिवशी तर दोन्ही जेवणांपुढे "नाकारलं" असं लिहिलेलं. तारीख पाहिली तर एकादशी! त्यांनी उपास धरला होता आणि तो कोणाला सांगायला भाषाच नव्हती. (आपल्या घरातल्या माणसाचे उपासाचे वार तिथे लिहून द्या. लहान गोष्ट आहे, पण महिन्यातले चार दिवस त्यातच जातात.)

मग तोंड. आजींना वरची पूर्ण कवळी आहे, खाली स्वतःचे पाच दात. कवळी तोंडात नव्हती. कपाटाच्या खणात कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेली सापडली. मार्चपासून त्या ती लावत नव्हत्या. तोंडात बॅटरी मारून पाहिलं तर जीभ कोरडी, चिकट. टाळू लालभडक, त्यावर पुसल्यावर निघणारे पांढरे ठिपके, म्हणजे बुरशी. खाली एका तुटलेल्या दाताचं खुंट जिभेला घासत होतं. हे पाहायला दोन मिनिटं लागली. पण कवळी काढून, बॅटरी घेऊन पाहिल्याशिवाय ते दिसत नाही, आणि भेटायला येणारे आपण तोंड उघडायला सांगत नाही, आपल्याला संकोच वाटतो.

आता प्रश्न असा, की वर्षानुवर्षं बसलेली कवळी मार्चमध्येच का टोचायला लागली? कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थराने. लाळ आटली की कवळी हलते, घासते, जखम करते, आणि कोरड्या तोंडात बुरशीही लवकर वाढते. मग लाळ कशाने आटली? इथे औषधांचा कागद पाहावा लागतो, आणि नुसती यादी पाहून भागत नाही. प्रत्येक औषध कधी सुरू झालं आणि मात्रा कधी वाढली, ते वजनांच्या शेजारी मांडावं लागतं. आम्ही एका कोऱ्या कागदावर डावीकडे महिने, मधे वजनं आणि उजवीकडे घटना लिहिल्या. तो कागद असा झाला.

ऑक्टोबरमध्ये आजोबा गेले. नोव्हेंबरमध्ये आजी गप्प गप्प, नावं विसरतात असं वाटून स्मरणशक्तीची चाचणी झाली, त्यात गुण कमी पडले, आणि डोनेपेझिल ही विसराळूपणावरची गोळी ५ मिलिग्रॅमने सुरू झाली. डिसेंबरच्या शेवटी ती १० मिलिग्रॅम झाली. जानेवारीत त्यांना लघवीची घाई होऊ लागली, अंथरूण ओलं होऊ लागलं. म्हणून जानेवारीच्या शेवटी लघवी धरून ठेवणारी ऑक्सिब्युटिनिन ही गोळी आली. फेब्रुवारीत शेजारच्या पलंगावरच्या गुजराती बाई, ज्यांच्याशी आजी मोडक्या हिंदीत बोलायच्या, त्या दुसरीकडे गेल्या. मार्चमध्ये कवळी खणात गेली. आणि वजन फेब्रुवारीपासून उतरत होतं.

डोनेपेझिलने काहींची भूक मंदावते, मळमळतं, वजन उतरतं. लघवीची घाई हाही तिचा ठाऊक असलेला परिणाम आहे. त्या घाईवर दिलेली ऑक्सिब्युटिनिन लाळ आटवते, बद्धकोष्ठ करते आणि म्हाताऱ्या माणसाचा विसराळूपणा वाढवूही शकते. म्हणजे पहिलं औषध एका बाजूला ओढतं आणि दुसरं बरोबर उलट्या बाजूला. एका गोळीचा परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी दिली गेली, अशी ही साखळी. दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी, त्या त्या वेळी योग्य वाटून दिल्या होत्या. कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. तारखा शेजारी शेजारी मांडल्या नव्हत्या, एवढंच.

तुमच्या घरच्या यादीत दुसरी नावं असतील. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींची भूक जाते, तोंडाला धातूसारखी चव येते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी वजन उतरतंच. हृदयावरचं डिगॉक्सिन शरीरात साचलं तर अन्न नकोसं होतं. थायरॉइडची गोळी जास्त झाली तर खाल्लेलं अंगी लागत नाही. मात्र एक कळकळीची विनंती: हे वाचून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. तारखांचा कागद करा आणि तो डॉक्टरांपुढे ठेवा.

राहिलं मन. हे सगळ्यात अवघड, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर फारच, कारण भाषा. आजींना मराठी सोडून फक्त थोडं हिंदी येतं. नोव्हेंबरची ती स्मरणशक्तीची चाचणी इंग्रजीतून हिंदीत सांगून घेतलेली होती. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. अशा वेळी परक्या भाषेत कोणी "आज वार कोणता" विचारलं तर दुःखात बुडालेलं माणूस उत्तर देत नाही, आणि कागदावर त्याचा शून्य गुण होतो. उदासी आणि विसराळूपणा बाहेरून सारखेच दिसू शकतात, आणि दोन्ही एकाच माणसाला असूही शकतात.

उदासी मोजायला वृद्धांसाठी १९८६ पासून पंधरा प्रश्नांची एक छोटी यादी वापरतात. उत्तरं फक्त हो किंवा नाही. पाच किंवा अधिक गुण आले तर पुढे नीट तपासणी करायची. यादीने आजार ठरत नाही, दार फक्त उघडतं. विसराळूपणा फार असेल तर ही यादी उपयोगी पडत नाही, मग जवळच्या माणसांकडून आणि निरीक्षणातून माहिती घ्यावी लागते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी हे प्रश्न आजींना मराठीत विचारले. मुलीला बाहेर बसवलं, कारण मुलीसमोर आई कधी "मी दुःखी आहे" म्हणत नाही. आठ गुण आले.

आणि एक वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं, "आता देवाने न्यावं." आपल्याकडे हे वाक्य सुखी म्हातारी माणसंही बोलता बोलता म्हणतात, त्यामुळे आपण हसून सोडून देतो. उलट परक्या परिचारिकेला त्याचा शब्दशः अर्थ सांगितला तर ती घाबरेल. दोन्ही चूक. त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा असतो, आणि तो सरळ विचारायचा. मी विचारलं, "आजी, हे रोज वाटतं का? लवकर जावं म्हणून तुम्ही मुद्दाम जेवण सोडता का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने असं कोणाच्या डोक्यात शिरत नाही, ही भीती सोडून द्या. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही गं, तसलं काही नाही. पण संध्याकाळी पाच वाजता ताट येतं. आमच्याकडे साडेआठला पानं घेत. हे आले की. आता एकटीने कुणासाठी जेवायचं?" संध्याकाळचं ताट भरलेलं का परत जातं, ते मला तेव्हा कळलं. कोणी मुद्दाम जेवण सोडत असेल किंवा शेवटच्या प्रश्नाला हो म्हणालं, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, उद्यावर टाकायचं नाही.

तोंड, मन आणि औषध सापडलं म्हणून बाकी तपासण्या सोडायच्या नसतात. डॉक्टरांनी रक्त तपासलं: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, सोडियम, कॅल्शियम, सूज दाखवणारी चाचणी आणि बी-१२. लघवी पाहिली, छातीचा एक्स-रे काढला. आपल्या वयस्कर माणसांत जुना क्षय पुन्हा डोकं वर काढू शकतो, हेही त्यात पाहायचं असतं. आजींचं बी-१२ खालच्या काठावर होतं, शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसात ते होतं. बाकी सगळं ठीक. इतकं करूनही साधारण चौघांत एकाच्या घटीचं कारण सापडत नाही, तेव्हा लक्ष ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात. शौचात रक्त, ताप, गाठ, सततचं दुखणं असेल तर मात्र थांबायचं नाही.

मग डॉक्टर, मुख्य परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि मुलगी अशी एक बैठक झाली. डोनेपेझिल १० वरून ५ वर आणि चार आठवड्यांनी बंद, त्या काळात विसराळूपणा वाढतो का याकडे लक्ष. त्यानंतर ऑक्सिब्युटिनिनही बंद. तोंडातल्या बुरशीवर औषध, दंतवैद्याकडून ते खुंट काढणं आणि कवळीला आतून नवा थर. रात्री कवळी काढून पाण्यात. (दंतवैद्याचा खर्च आधी विचारून ठेवा. चास कार्डाची सवलत नागरिकांनाच मिळते, आजी पीआर आहेत.) उदासीवर डॉक्टरांनी मिर्टाझापिन अगदी कमी मात्रेत रात्री सुरू केली. तिने भूकही वाढू शकते. पण ती उदासीसाठी द्यायची असते, नुसती भूक वाढवायला म्हणून नाही. शिवाय झोप येऊन पडण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीला लक्ष ठेवलं.

जेवणाचा हिशोब मी मांडला. पाच किलो चार महिन्यांत, म्हणजे रोज साधारण ३०० कॅलरी कमी पडत होत्या. ३०० म्हणजे डोंगर नव्हे. लापशीत दोन मोठे चमचे सायीच्या दुधाची पावडर आणि दुपारच्या मऊ भातावर दोन लहान चमचे तूप, की दीडशेच्या पुढे गेलो. उरलेलं दुपारी साडेतीनच्या खिरीत. ताटाचा आकार वाढवला नाही, त्यातला कस वाढवला. मधुमेहाचं कडक पथ्य डॉक्टरांनी सैल केलं, कारण साखर चांगली ताब्यात होती आणि या वयात उपासमार साखरेपेक्षा वाईट. ताकदीचं डब्यातलं पेय जेवणासोबत मिळत होतं, त्याने पोट भरून ताट परत जायचं. ते दोन जेवणांच्या मधे नेलं. मुलगी ऑफिसातून आठवड्यात दोनदा थेट तिकडे जाते. तिच्यासाठी त्या दिवशी आजींचं ताट साडेसहापर्यंत झाकून ठेवतात. गिळणं तपासून घेऊन परवानगी मिळाल्यावर घरचं पिठलं आणि मेतकूट-भात जाऊ लागला.

वजन दर आठवड्याला घ्यायला सांगितलं. पहिले तीन आठवडे ते ४६ च्या आसपास अडकलं, मुलगी फार निराश झाली. उतरणं थांबलं हेच पहिलं यश, असं मी तिला सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी ४८.२ भरलं. लघवीची घाई बरीच कमी आहे. मराठीतून पुन्हा घेतलेल्या चाचणीत विसराळूपणा थोडा आहेच, पण नोव्हेंबरइतका नाही. यातल्या नेमक्या कशाचा किती वाटा, ते सांगता येणार नाही, कारण बऱ्याच गोष्टी एकाच वेळी बदलल्या. आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत असं वळेलच असंही नाही. आजार पुढे गेलेला असेल तर वजन वाढवण्याचा अट्टहास न करता आवडीचा घास सुखाने देणं हाच उपचार असतो, आणि तेही डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून ठरवावं.

परवा ती मला पुन्हा रॅफल्स प्लेसलाच भेटली. या वेळी डबा उघडला. म्हणाली, "काकू, काल आईने विचारलं, पिठल्यात मीठ कमी का घातलंस?"

तुमचं माणूस अशा ठिकाणी असेल तर पुढच्या भेटीत तीन गोष्टी मागा: सहा महिन्यांची वजनं, औषधांच्या सुरू झाल्याच्या तारखा आणि एक बॅटरी. बाकीचं त्यातून पुढे सुचत जातं.

पुढच्या अंकात गुडघ्यांचे राहिलेले प्रश्न. कळावे, लोभ असावा.